फायबरचे ग्रॅम: कळण्याची भाकरी आणि पाकिटावरचा तक्ता

आठ वर्षांच्या मुलानं दिवसाला किती ग्रॅम फायबर खावं, या साध्या प्रश्नाला आज निदान पाच उत्तरं मिळतात. अमेरिकेत १९९५ साली सुचवलेला एक सोपा नियम सांगतो की वयात पाच मिळवा, म्हणजे १३ ग्रॅम. ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीनं २०१५ साली ५ ते ११ वर्षांसाठी २० ग्रॅम ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली ६ ते ९ वर्षांसाठी किमान २१ ग्रॅम सांगितले. अमेरिकेचा सध्याचा अधिकृत आकडा ४ ते ८ वर्षांसाठी २५ ग्रॅम आहे, आणि आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या तक्त्यात ७ ते ९ वर्षांसाठी २६ ग्रॅम आहेत. जळगावात किंवा धुळ्यात मुलाला डब्यात काय द्यायचं हे ठरवणाऱ्या आईला यातला नेमका कोणता आकडा धरायचा, हे कोणी सांगत नाही. त्यात पाकिटांवरचे आकडे येतात तेव्हा गोंधळ आणखी वाढतो.

हे आकडे वेगळे आहेत कारण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ‘वय अधिक पाच’ हा लहान मुलांसाठीचा तळाचा उंबरठा आहे. निदान एवढं तरी पोटात जावं, इतकाच त्याचा अर्थ. ब्रिटनचा आणि जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आजारांच्या पुराव्यातून मागे येत काढलेला आहे. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये १८५ दीर्घकालीन पाहण्या आणि ५८ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. रोज २५ ते २९ ग्रॅम फायबर खाणाऱ्या प्रौढांमध्ये हृदयविकार, टाइप-२ मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचं प्रमाण सर्वांत ठळकपणे कमी दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची २५ ग्रॅमची खूणगाठ त्या पुराव्याशी जुळते. आपल्या पोषण संस्थेचा तक्ता मात्र वेगळ्या रीतीनं बनतो. तो हजार कॅलरीमागे साधारण १५ ग्रॅम या दरानं चालतो. त्यामुळे आपल्याकडे फायबरचं लक्ष्य वयाबरोबर वाढतं तसं कष्टाबरोबरही वाढतं.

दर समजला की तक्ता पाठ करावा लागत नाही. १ ते ३ वर्षांच्या बाळाची गरज सुमारे हजार कॅलरी, म्हणून १५ ग्रॅम. ४ ते ६ वर्षांसाठी २०. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ३३ आणि मुलीला तिशीच्या आसपास. त्यापुढे उडी मोठी आहे. १३ ते १५ वर्षांचा मुलगा ४३, मुलगी ३६. १६ ते १८चा मुलगा ५०, मुलगी ३८. मोठ्यांमध्ये दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या पुरुषाला ३२, मध्यम कष्टाचं काम असेल तर ४१, शेतात राबणाऱ्याला ५२. बायकांसाठी त्याच क्रमानं २५, ३२ आणि ४१. म्हणजे जळगावातल्या बँकेत खुर्चीवर बसणारी बाई आणि पारोळ्याच्या शेतात दिवसभर कापूस वेचणारी बाई एकाच वयाच्या असल्या तरी दोघींच्या लक्ष्यात बराच फरक पडतो. साठीनंतर ऊर्जेची गरज उतरते, आणि त्याच दराने आजोबांचा हिशोब २५च्या आसपास, आजीचा २२-२३च्या आसपास येतो.

माझं मत असं की जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा तळाची रेघ मानावा आणि पोषण संस्थेचा आकडा गाठायची दिशा मानावी. सोळा वर्षांच्या मुलाचे ५० ग्रॅम हा ३,३०० कॅलरी गृहीत धरून काढलेला आकडा आहे. मुलगा दिवसभर मैदानावर नसेल तर तो तेवढं खात नाही, आणि त्याला ५० ग्रॅमच्या मागे लावण्यात अर्थ नाही. दोन-तीन वर्षांच्या बाळाच्या बाबतीत तर उलट काळजी घ्यावी लागते. पोट लहान असतं. ते चोथ्यानं भरलं तर तूप, दूध, डाळ यांना जागा उरत नाही.

आता ताटाकडे. इथे एक जुनी चूक अजून अनेकांच्या वहीत टिकून आहे. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहारशास्त्र शिकवताना हैदराबादच्या संस्थेचं भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांचं पुस्तक वापरलं गेलं. त्यात ज्वारीपुढे १.६, बाजरीपुढे १.२ आणि हरभऱ्यापुढे ३.९ असे आकडे होते. त्याच संस्थेनं २०१७ साली नवे तक्ते काढले. त्यात ज्वारी १०.२, बाजरी ११.५ आणि अख्खा हरभरा २५.२ ग्रॅम आहे, तेही शंभर ग्रॅममागेच. धान्य बदललं नाही, मोजणी बदलली. जुना आकडा ‘क्रूड फायबर’चा होता. त्यात नमुना आधी आम्लात आणि मग अल्कलीत उकळतात आणि शेवटी उरलेला चोथा तोलतात. जनावरांच्या वैरणीसाठी ही रीत आली होती. उकळताना विरघळणारे तंतू जवळजवळ सगळे वाहून जातात, हेमिसेल्युलोजचा मोठा भाग जातो, लिग्निनही बरंच जातं. नव्या रीतीत पचनरसांसारखी एन्झाइमं वापरून पिठातला स्टार्च आणि प्रथिनं काढून टाकतात. माणसाच्या आतड्यात न पचता जे पुढे सरकतं, साधारण तेच तोललं जातं. २५ किंवा ३२ ग्रॅमची सगळी लक्ष्यं या दुसऱ्या मोजणीची आहेत. लक्ष्य नव्या मापात आणि ताट जुन्या मापात धरलं तर कोणतंच घर कधी पास होणार नाही.

नव्या तक्त्यातून खानदेशी माणसाला चकित करणारी एक गोष्ट कळते. चक्कीवर दळलेल्या, न चाळलेल्या गव्हाच्या पिठात शंभर ग्रॅममागे ११.४ ग्रॅम फायबर आहे, म्हणजे ज्वारीपेक्षा थोडं अधिकच. मक्यात १२.२. पांढऱ्या तांदळात २.८ आणि मैद्यातही २.८. म्हणजे खरा फरक भाकरी आणि पोळी यांच्यात नाही, तो कोंडा ठेवण्यात आणि काढण्यात आहे. बारीक चाळणीनं पीठ चाळून कोंडा गुरांना घातला की पोळी हळूहळू मैद्याच्या दिशेनं सरकते. खापरावरच्या मांड्यांसाठी पीठ वस्त्रगाळ करतात तेव्हा हेच घडतं. सणाला ते ठीक आहे, पण रोजच्या पोळीचं पीठ तसं चाळलं तर नुकसान आहे.

डाळींमध्ये ही तफावत आणखी मोठी आहे, आणि जळगावकरांना ती डोळ्यांनी दिसते. हे शहर डाळ मिलसाठी ओळखलं जातं. मिलमध्ये तुरीला तेल-पाणी लावून, वाळवून, दगडावर किंवा रोलरवर साल सोडवतात. साल आणि चुनी पशुखाद्याला जाते, पिवळी डाळ गोणीत भरली जाते. अख्ख्या तुरीत शंभर ग्रॅममागे २२.८ ग्रॅम फायबर असतं, डाळीत ९.१ उरतं. मुगात १७ आणि डाळीत ९.४. अख्ख्या उडदात २०.४ आणि डाळीत ११.९. वरण खाऊ नये असं यातून निघत नाही. वरणाचं काम प्रथिनांचं आहे. पण ‘आम्ही रोज डाळ खातो’ म्हणून फायबरचा प्रश्न सुटला असं समजणाऱ्यानं आठवड्यात दोन-तीनदा तरी मटकी, चवळी, अख्खा मूग किंवा हरभरा शिजवावा.

म्हणूनच कळण्याच्या भाकरीला मी इतकं मोठं मानतो. ज्वारीबरोबर सालासकट उडीद दळायचा आणि वर मीठ घालायचं. मिलमध्ये जे साल बाहेर पडतं ते इथे पिठातच राहतं. प्रमाण घराघरांत वेगळं असतं. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद वजनानं धरला तर पिठाच्या शंभर ग्रॅममागे १२ ग्रॅमच्या थोडं वर फायबर येतं. एका भाकरीला साठेक ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे एका भाकरीत सव्वासात ग्रॅम, दोन भाकरींत साडेचौदा. मात्र हिशोब कोरड्या पिठावर करायचा असतो. तव्यावरून उतरलेली भाकरी काट्यावर ठेवली तर तिच्यात पाण्याचंही वजन असतं. त्या वजनाला पिठाचा आकडा लावला की फायबर फुगून दिसतं. शिजलेल्या डाळ-भाताचंही असंच. पातेल्यात टाकण्याआधीचं वजन धरा.

एक दिवस मांडून पाहू. घर धुळ्यातलं धरा, बाई अडतीस वर्षांची, घरकाम आणि उभ्यानं करायची नोकरी, म्हणजे लक्ष्य ३२. दुपारी कळण्याच्या दोन भाकरी, १४.५. बरोबर भरीत. वांग्याचा आकडा शंभर ग्रॅमला चारच्या आसपास आहे, पण भरताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजल्यावर आपण साल काढून टाकतो. म्हणून दीडशे ग्रॅम वांग्याचे सहाऐवजी चारच धरू. शेंगदाण्याच्या ठेच्यात पंधरा ग्रॅम दाणे, दीड ग्रॅम. दुपारपर्यंत २० झाले. रात्री न चाळलेल्या पिठाच्या दोन पोळ्या, साठ ग्रॅम पीठ, ६.८. मेथीची भाजी पाऊणशे ग्रॅम, ३.७ हून जास्त नाही असं धरून चालू, कारण शंभर ग्रॅम मेथीला ४.९ येतात आणि जाड देठं काढून टाकली जातात. वीस ग्रॅम डाळीचं वरण, १.८. साठ ग्रॅम तांदळाचा भात, १.७. एकूण ३४. लक्ष्य पार झालं आणि एकही पाकीट फोडावं लागलं नाही. यात सकाळचा नाश्ता धरलेलाच नाही.

आता त्याच घरातला आठ वर्षांचा मुलगा. सकाळी दूध-बिस्कीट, डब्यात पाव-भाजी किंवा नूडल्स, दुपारी वरणभात, संध्याकाळी चिप्स, रात्री पोळीभाजी. घर एकच आहे, पण त्याचा दिवस मैदा आणि तांदूळ यांच्यावर चालतो. एका पोळीचे साडेतीन, भाजीचे दोन, वरणभाताचे तीन, पाव आणि नूडल्सचे मिळून तीन-चार, अशी बेरीज बारा-तेराशी थांबते. एक पेरू दिला तर शंभर ग्रॅमला साडेआठ ग्रॅम मिळतात. केळं या भागाची शान आहे, रावेर-यावलचं केळं देशभर जातं, पण शंभर ग्रॅम केळ्यात दोनच ग्रॅमच्या आसपास फायबर असतं. ऊर्जा आणि पोटॅशियम यांसाठी ते उत्तम आहे. फायबरचा भार त्याच्यावर टाकू नये.

या मुलासाठी आई दुकानातून ‘मल्टिग्रेन’ बिस्किटाचं पाकीट आणते आणि इथून लेबलाचा प्रश्न सुरू होतो.

पहिली गोष्ट माहीत असावी ती ही. २०२०च्या लेबल नियमांत ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण चरबी, संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल आणि सोडियम यांचे आकडे पाकिटावर मागितले आहेत. फायबर त्या सक्तीच्या यादीत नाही. म्हणून पाकिटावर फायबरची ओळच नसणं हे नियमाला धरून असू शकतं, आणि ओळ नाही म्हणजे फायबर शून्य असंही नाही. गहू, तांदूळ यांसारख्या कच्च्या शेतमालाच्या पिशवीवर तर पोषणतक्ताही असायची गरज नसते. अशा वेळी पोषण संस्थेचा आकडा हाच आधार. मात्र ‘फायबरयुक्त’ असा दावा समोर छापला की मागे आकडा द्यावा लागतो.

दावा करायची पातळीही ठरलेली आहे. २०१८च्या नियमांप्रमाणे शंभर ग्रॅममध्ये किमान ३ ग्रॅम असले तर ‘फायबरचा स्रोत’ म्हणता येतं, ६ ग्रॅम असले तर ‘भरपूर फायबर’. त्याला पर्यायही आहे: शंभर कॅलरीमागे अनुक्रमे दीड आणि तीन ग्रॅम. या पर्यायाकडे लक्ष असू द्या. शंभर मिलिलिटरला वीसच कॅलरी असलेल्या पातळ पेयात ०.३ ग्रॅम फायबर असलं तरी कॅलरीच्या हिशोबानं ते पहिल्या दाव्याला पात्र ठरतं. पूर्ण पेला प्यायला तरी पोटात अर्धा-पाऊण ग्रॅम जातं. उलट ज्वारीचं साधं पीठ शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम देऊन ‘भरपूर’ची पातळी सहज ओलांडतं. चक्कीवरून आणलेल्या पिठाच्या डब्यावर ते कोणी लिहीत नाही.

आता पाकीट उलटं करून वाचू. उदाहरण म्हणून असं समजा: घटकांत पहिला मैदा ५२ टक्के, मग साखर, तेल, पुढे ओट्स ६ टक्के, नाचणी ४ टक्के, ज्वारी २ टक्के. तक्त्यात शंभर ग्रॅमला फायबर ६.२ ग्रॅम आणि ऊर्जा ४८० कॅलरी. एका वेळचं प्रमाण २५ ग्रॅम, म्हणजे तीन बिस्किटं. घटक नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, आणि नावात ज्या घटकावर भर दिला असेल त्याची टक्केवारी द्यावी लागते. म्हणून ‘मल्टिग्रेन’ या शब्दामागचं धान्य किती ते इथे उघड होतं: बारा टक्के.

मुलाला मिळणारं फायबर ६.२ नाही. तीन बिस्किटांत ते दीड ग्रॅम आहे, चार खाल्ली तर दोन. सर्वांत जास्त घडणारी चूक हीच: शंभर ग्रॅमच्या रकान्यातला आकडा एका वेळच्या खाण्याचा समजून लिहिला जातो. बिस्किटातून दहा ग्रॅम मिळवायचे तर एकशे साठ ग्रॅम बिस्किटं आणि पावणेआठशे कॅलरी लागतील. तेवढे दहा ग्रॅम अख्ख्या हरभऱ्याच्या चाळीस ग्रॅममध्ये येतात.

याच पाकिटावर आणखी एक पडताळा घरी करता येतो आणि तो मला सर्वांत उपयोगाचा वाटतो. घटकांवरून फायबर मोजून पाहायचं. ५२ ग्रॅम मैद्याचे १.४, सहा ग्रॅम ओट्सचे ०.६, नाचणीचे ०.४५, ज्वारीचे ०.२. बेरीज २.७ च्या आसपास. भाजताना पाणी उडून आकडा थोडा वर जाईल, पण सहापर्यंत नाही. उरलेले साडेतीन ग्रॅम कुठून आले? घटकांच्या यादीत पुढे गव्हाचा कोंडा, इन्युलिन, पॉलिडेक्स्ट्रोज किंवा इसबगोल असं काही दिसलं तर उत्तर सापडलं. काहीच दिसलं नाही तर तो आकडा खुशाल संशयानं पाहा. वरून घातलेलं फायबर खोटं नसतं, लक्ष्यात ते मोजलं जातं. पण इन्युलिनसारखे विरघळणारे तंतू आतड्यात झपाट्यानं आंबतात, लहान मुलांना त्यानं गॅस होतो. पॉलिडेक्स्ट्रोज दहा टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर त्यानं जुलाब होऊ शकतात अशी सूचना लेबलवर द्यावी लागते. कोंड्याबरोबर येणारी खनिजं आणि जीवनसत्त्वं या शुद्ध पुडींमधून येत नाहीत.

बाकीच्या चुका लहान आहेत. काही पाकिटांवर ‘डाएटरी फायबर’ या ओळीखाली विरघळणारं आणि न विरघळणारं अशा दोन उपओळी असतात. त्या वरच्या ओळीतच सामावलेल्या असतात, तिन्हींची बेरीज केली तर आकडा दुप्पट होतो. ढोकळ्याच्या तयार पिठाचा आकडा कोरड्या पिठाचा असतो, वाफवलेल्या ढोकळ्याचा नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या पाकिटावर ‘१० टक्के’ दिसलं तर तिथला आधार दिवसाला २८ ग्रॅमचा आहे, म्हणजे २.८ ग्रॅम. भारतीय पाकिटांवर टक्क्यांचा रकाना ऊर्जा, चरबी, साखर, मीठ यांसाठी असतो. त्यावरून फायबरचा अंदाज बांधू नये. ओट्सच्या डब्यावर शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास लिहिलेलं असतं आणि लोक भारावतात. ओट्समधले विरघळणारे तंतू कोलेस्टेरॉलसाठी खरंच चांगले आहेत. पण निव्वळ ग्रॅम मोजायचे तर वाटीभर ओट्सचे चाळीस ग्रॅम चार ग्रॅम देतात, आणि ज्वारीची एक भाकरी सहा देते.

बारा-तेरावरून सव्वीसला जाताना मात्र घाई नको. आठवड्याला चार-पाच ग्रॅमनं वाढवत न्यावं. खानदेशच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, पाणी कमी आणि चोथा जास्त झाला तर बद्धकोष्ठ कमी होण्याऐवजी वाढतं. आतड्याचा जुना आजार असलेल्यांनी, पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा मूत्रपिंडाच्या विकारात डाळी-फळांवर बंधन असलेल्यांनी हे आकडे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावेत.

शेवटचं, कळण्याचं पीठ, बिबडे, नाचणीचे पापड पाकिटात भरून विकणाऱ्या बचत गटांसाठी. प्रयोगशाळेत नमुना देताना फॉर्मवर नुसतं ‘फायबर’ लिहिलं तर ‘क्रूड फायबर’ची चाचणी होऊन अहवाल येऊ शकतो, कारण ती जुनी आणि सोपी चाचणी आहे. मग ज्वारीच्या बिबड्यांच्या पाकिटावर दोन ग्रॅम छापलं जाईल आणि शेजारच्या फळीवरचं मैद्याचं बिस्कीट सहा ग्रॅम सांगेल. फॉर्मवर ‘टोटल डाएटरी फायबर’ असं स्पष्ट लिहावं, शक्य झाल्यास एओएसीची ९८५.२९ किंवा ९९१.४३ ही पद्धत मागावी, आणि अहवाल हातात आला की त्यावर कोणत्या पद्धतीचं नाव आहे ते पाहूनच लेबल छापायला द्यावं.